बिलासखानीचा थाट भैरवी, मग ती तोडी कशी?

प्रश्न: मी विशारदाची तयारी करत आहे. पुस्तकात बिलासखानी तोडीचा थाट भैरवी दिला आहे, पण गुरुजी म्हणतात की ती तोडीच आहे आणि तिच्यात भैरवी दिसली तर राग बिघडला. केदाराचेही तसेच: थाट कल्याण, वादी मात्र शुद्ध मध्यम. मग दहा थाटांची पद्धत चूक आहे का? गाताना तिचा उपयोग काय?

उत्तर:

पुस्तक आणि आपले गुरुजी हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. रागाला कोणते स्वर लागतात, एवढेच थाट सांगतो. ते स्वर कोणत्या क्रमाने घ्यायचे, कोठे थांबायचे आणि कोणता स्वर ओलांडून जायचा हे राग सांगतो. बहुतेक रागांत ही दोन उत्तरे एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही. बिलासखानीत आणि केदारात ती उघड समोरासमोर येतात. मात्र या दोन रागांतील अडचण एकाच जातीची नाही, म्हणून ते वेगवेगळे पाहू.

त्याआधी ही पद्धत कशासाठी निर्माण झाली ते थोडक्यात सांगतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१० साली ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत त्याच सुमारास प्रसिद्ध होऊ लागली. त्यांच्यासमोर राग-रागिणी-पुत्र अशा कुटुंबाची जुनी वर्गीकरणे होती. त्यात कोणती रागिणी कोणत्या रागाची, याला स्वरांचा काहीही आधार उरलेला नव्हता. १९०४ च्या दक्षिणेच्या प्रवासात त्यांनी तेथील मेलपद्धती जवळून पाहिली. षड्ज आणि पंचम स्थिर धरले आणि उरलेल्या पाच स्वरांचे प्रत्येकी एकच रूप घ्यायचे ठरवले, तर आपल्या बारा स्वरांतून बत्तीस सप्तके तयार होतात. भातखंड्यांनी त्यांतून दहाच घेतली, कारण त्यांच्या काळी प्रचारात असलेले बहुतेक राग त्या दहांत बसवता येत होते. शिवाय या दहांची तीन गटांत विभागणी करून गाण्याच्या वेळांशी सांगड घालता येत होती: रे, ग, ध शुद्ध असलेले कल्याण, बिलावल, खमाज; रे कोमल आणि ग, नि शुद्ध असलेले भैरव, पूर्वी, मारवा हे संधिप्रकाशाचे थाट; आणि गांधार कोमल असलेले काफी, आसावरी, भैरवी, तोडी. ही मांडणी व्यवहारी आहे. निसर्गनियम शोधून काढल्याचा तिचा दावा नाही, आणि ती तशी असल्याची समजूत पुढे पाठ्यपुस्तकांनी करून दिली, असे माझे मत आहे.

आता बिलासखानी घेऊ. हिचे स्वर पाहिले तर रे, ग, ध, नि कोमल आणि मध्यम शुद्ध. हे सप्तक भैरवीचे आहे, त्यामुळे थाटाच्या नियमाने भैरवीखेरीज दुसरे उत्तर निघूच शकत नाही. पण नेमके हेच स्वर घेणारा आणखी एक राग सकाळी गायला जातो, तो म्हणजे कोमल रिषभाची आसावरी. तेव्हा भैरवी, कोमल रिषभ आसावरी आणि बिलासखानी असे तीन राग एकाच सप्तकावर उभे आहेत, आणि गायकाला ते तीन वेगळे ठेवायचे आहेत. पुढील स्वरावल्यांत रे, ग, ध, नि सर्वत्र कोमल समजावेत.

षड्जावरून पंचमाकडे जाण्याची वाट आधी पाहा. कोमल रिषभ आसावरीत आपण ‘सा रे म प’ असे जातो. आरोहात गांधार वर्ज्य आहे आणि रिषभावरून मध्यमावर उडी आहे. बिलासखानीत आपण ‘सा रे ग प’ असे जातो. येथे आरोहात मध्यम सुटतो आणि गांधारावरून थेट पंचम येतो. भैरवीला यातले कोणतेच बंधन नाही, ‘सा रे ग म प’ असा सरळ चढही तिला चालतो. म्हणजे तीन वाटांतला फरक ग आणि म या दोन स्वरांपैकी कोणता गाळला, एवढ्यावरच आहे. विद्यार्थ्याने बिलासखानीच्या आलापात नकळत ‘ग म प’ असा सरळ तुकडा घेतला, की ऐकणाऱ्याला त्याच क्षणी भैरवी ऐकू येते, आणि ‘रे म प’ घेतला की आसावरी. ही चूक होताना स्वर एकही चुकलेला नसतो. पेटीवर पाहिले तर बोट योग्य पट्टीवरच असते.

उतरताना फरक अधिक स्पष्ट होतो. आसावरी ‘सां नि ध प, म ग रे सा’ अशी पंचमावर विसावून उतरते. बिलासखानी मात्र ‘रें नि ध, म ग रे, ग रे सा’ अशी उतरते. या उतरणीत धैवतावरून पंचम न घेता मध्यमावर यायचे असते आणि गांधार-रिषभाची संथ, लांबवलेली जोडी घेऊन षड्ज गाठायचा असतो. आता तोडीतली उतरण आठवा: ‘ध म ग, रे ग रे सा’, फक्त येथे मध्यम तीव्र. तोडीत नि शुद्ध आणि म तीव्र, बिलासखानीत नि कोमल आणि म शुद्ध, पण चाल तीच. पंचमाला जपून हात लावायचा, धैवतावरून पंचम ओलांडून मध्यमावर उतरायचे, गांधार नेहमीच्या कोमलाहून किंचित उतरलेला ठेवून तो रिषभात विरघळवायचा, हे सगळे तोडीचे वर्तन आहे. गवई बिलासखानीला तोडी म्हणतात ते या वर्तनामुळे. तिच्या नावामागे तानसेनाचा पुत्र बिलासखाँ याची आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, रागाची ओळख तिच्यावर अवलंबून नाही.

आपल्या गुरुजींचा इशारा येथे लागू होतो. थाट वाचून आपण बिलासखानीचा रियाज भैरवीच्या सप्तकावरून सुरू केला, म्हणजे आधी ‘सा रे ग म प ध नि सां’ चे पलटे घोटले, तर गळ्याला ‘ग म प’ ची सवय लागते, आणि पुढे राग गाताना तीच सवय मोडावी लागते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बिलासखानीआधी मियाँकी तोडी नीट बसवायला सांगतो. तोडीचा ‘रे ग रे सा’ पक्का झाला, की तीव्र मध्यमाच्या जागी शुद्ध आणि शुद्ध निषादाच्या जागी कोमल येणे ही पुढची पायरी सोपी जाते. भैरवीकडून तोडीकडे येणे मात्र फार अवघड जाते.

भातखंड्यांना हे कळत नव्हते असे समजू नये. तोडीचे अंग त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी नियम घातला होता की थाट स्वरांवरून ठरेल, आणि बिलासखानीत स्वरांनी निर्णय स्पष्ट दिला होता. जेथे स्वरांनी निर्णय दिला नाही, तेथे मात्र त्यांनी अंगाचाच आधार घेतला. भूप आणि देशकार दोघांचेही स्वर सा, रे, ग, प, ध हे पाचच. मध्यम नाही, निषाद नाही, म्हणून बिलावल की कल्याण हे स्वरांवरून ठरवताच येत नाही. त्यांनी भूप कल्याणात घातला आणि देशकार बिलावलात. भूप पूर्वांगात राहतो, गांधार त्याचा वादी आहे आणि वळण यमनाच्या कुळातले आहे. देशकाराचा जीव उत्तरांगात आहे, धैवत वादी आहे आणि तो सकाळचा राग आहे. म्हणजे सारखे स्वर असलेले दोन राग अंगाच्या बळावर दोन थाटांत गेले, आणि सारखे अंग असलेल्या तोडी व बिलासखानी स्वरांच्या बळावर दोन थाटांत गेल्या. एकाच पद्धतीत दोन कसोट्या वापरल्या आहेत. स्वरांची कसोटी पहिली आणि अंगाची कसोटी फक्त ती अपुरी पडेल तेव्हा, एवढे लक्षात ठेवले की पुस्तकातल्या अनेक निवडींचे कोडे सुटते.

आता केदार. येथील अडचण अधिक खोल आहे असे मला वाटते, कारण बिलासखानीत निदान रागातले सगळे स्वर थाटात आहेत. केदारात रागाचा मुख्य स्वरच थाटात नाही. कल्याण थाटाचा मध्यम तीव्र आहे, आणि थाटात एका स्वराचे एकच रूप घ्यायचे असा नियम आहे. केदार मात्र ‘सा म’ या उडीने सुरू होतो, शुद्ध मध्यमावर थांबतो, ‘म प, ध प म’ करून पुन्हा त्यावरच येतो. गांधार मध्यमाच्या पोटात कणासारखा ऐकू येतो, मोकळा लागत नाही. तीव्र मध्यमाचे काम पंचमाच्या शेजारी ‘म प ध प’ अशा तुकड्यात, तेही पंचमाला सजवण्यापुरते असते. एखाद्या गायकाने आलापाच्या सुरुवातीला बराच वेळ तीव्र मध्यम लावलाच नाही, तरी श्रोत्याला केदार ओळखता येतो. शुद्ध मध्यम काढून घेतला तर केदाराचे काहीच शिल्लक राहत नाही. तरीही थाटाच्या तक्त्यात उरला आहे तो तीव्र मध्यम.

मग त्याला कल्याणात का घातले? केदार, हमीर, कामोद, छायानट हे दोन मध्यमांचे राग रात्रीच्या पहिल्या प्रहराच्या आसपास, कल्याणाच्या सोबतीने गायले जातात. भातखंड्यांच्या वेळेच्या विचारात मध्यमाला फार महत्त्व होते. तीव्र मध्यम दिसला की संध्याकाळ-रात्र आणि शुद्ध मध्यम प्रबळ असला की सकाळ, असे त्याचे साधारण सूत्र आहे. त्यामुळे थोडासा का होईना, पण तीव्र मध्यम असलेले हे सायंकालीन राग कल्याणात घालणे त्या चौकटीत सुसंगत ठरते. याच रागांना बिलावल थाटात मानणारा पक्षही जुना आहे आणि केवळ स्वरांचे प्रमाण पाहिले तर तो पक्ष अधिक बळकट आहे. पण थाट बदलून प्रश्न सुटत नाही. बिलावलात घातले तर तीव्र मध्यम बाहेर राहतो, कल्याणात घातले तर शुद्ध. शिवाय जलधर केदार हा केदाराचाच आप्त बिलावल थाटात धरतात, म्हणजे एकाच घरातली माणसे दोन पत्त्यांवर नोंदवली गेली.

ही गोष्ट केदारापुरती नाही. ललतात ती आणखी ठळक आहे, आणि येथे माझे मत थोडे कठोर आहे. ललतात पंचम नाही, दोन्ही मध्यम आहेत, आणि तेही केदाराप्रमाणे वेगवेगळ्या प्रसंगी येत नाहीत. ‘नि रे ग म’ करून शुद्ध मध्यमावर थांबायचे आणि मग तीव्र मध्यमाला स्पर्श करून लगेच शुद्धावर परत यायचे, हीच रागाची ओळख आहे. वादी शुद्ध मध्यम. पुस्तकात थाट मारवा आहे, ज्याचा मध्यम तीव्र आणि धैवत शुद्ध. आज मैफलींत ललत बहुतेक कोमल धैवताने, कित्येकदा कोमलाहून थोड्या चढ्या धैवताने गायला जातो. म्हणून काही लेखक त्याला पूर्वी थाटात घालतात. पण पूर्वी थाटातही मध्यम तीव्रच आहे. बत्तीस सप्तके घ्या किंवा दक्षिणेतली बहात्तर घ्या, दोन मध्यम शेजारीशेजारी नांदणारा राग त्यांपैकी एकातही बसणार नाही, कारण सगळ्यांचा पाया ‘एका स्वराचे एक रूप’ हाच आहे.

ललत गाताना तंबोरा कसा जुळवतात ते पाहा. पंचमाच्या तारेवर पंचम ठेवत नाहीत, कारण तो रागातच नाही. ती तार शुद्ध मध्यमाला उतरवतात. गायकाच्या कानात पूर्ण वेळ गुंजणारा स्वर शुद्ध मध्यम, आणि पुस्तकातल्या थाटात तो स्वर नाही. मी विद्यार्थ्यांना थाटाची मर्यादा समजावताना हेच उदाहरण देतो, कारण तंबोऱ्याच्या तारेबद्दल मतभेदाला जागा नसते.

याच धाग्यावर आश्रय रागांचाही विचार करून पाहावा. ज्या रागाचे नाव थाटाला दिले तो राग तरी थाटाशी तंतोतंत जुळावा, अशी आपली अपेक्षा असते. भैरव जुळतो, यमन म्हणजे कल्याण जुळतो, पण पुढे अडखळायला होते. पूर्वी रागात दोन्ही मध्यम लागतात, थाटात फक्त तीव्र आहे. खमाज रागात आरोहात शुद्ध निषाद येतो, थाटात फक्त कोमल आहे. मारवा रागात पंचम वर्ज्य आहे, थाटात तो आहे. आणि आसावरीचे तर सगळ्यांत विलक्षण झाले. थाट शुद्ध रिषभाचा, पण धृपदियांच्या परंपरेत चालत आलेली आसावरी कोमल रिषभाची. ती स्वरांनी पाहिली तर भैरवी थाटात जाते! शुद्ध रिषभाची आसावरी ख्यालगायकीत रुळली आणि ती जौनपुरीच्या इतकी जवळ आली की दोघींत फरक करून दाखवणे भल्याभल्यांना कठीण जाते. आपण वर ज्या कोमल रिषभ आसावरीची बिलासखानीशी तुलना केली, तिला आज ‘कोमल रिषभ’ असे विशेषण लावावे लागते, आणि विशेषणाशिवाय उरलेले नाव थाटाला मिळाले आहे.

या सगळ्यापेक्षा वेगळ्या आणि माझ्या मते बऱ्याच सौम्य प्रकारची अडचण म्हणजे दहांच्या बाहेरची सप्तके. अहिर भैरवात रे कोमल, ध शुद्ध, नि कोमल. असे सप्तक दहांत नाही, म्हणून पूर्वांग पाहून त्याला भैरवात ढकलतात. पटदीपात फक्त गांधार कोमल, म्हणून काफीत. मधुवंतीत ग कोमल आणि म तीव्र, म्हणून काही जण तोडीत घालतात, जरी तोडीचा कोमल रिषभ आणि कोमल धैवत तिच्यात नाहीत. चारुकेशी, कीरवाणी हे दक्षिणेकडून आलेले राग तर त्यांच्या मूळ मेळांची नावे घेऊनच आले. या अडचणीवर उपाय आहे: बत्तीसांपैकी आणखी काही थाट मान्य केले की काम भागते, आणि अनेकांनी तसे सुचवलेही आहे. मी तिला सौम्य म्हणतो ते यासाठी की थाटांची संख्या वाढवून ती मिटते. बिलासखानी आणि ललत यांची अडचण कितीही थाट वाढवले तरी मिटत नाही.

गवई मग रागांची नाती कशी लक्षात ठेवतात? रागांगावरून. कानडा म्हटले की मध्यमाच्या आधाराने घेतलेला आंदोलित, वक्र गांधार आणि ‘ग म रे सा’ हा शेवट. हे अंग दरबारीत आहे, नायकी कानड्यात आहे, सुघराईत आणि शहाना कानड्यात आहे. यांतला दरबारी धैवत कोमल असल्यामुळे आसावरी थाटात आणि बाकीचे बहुतेक काफी थाटात जातात, पण शिकवताना कोणताही गुरू दरबारीच्या शेजारी जौनपुरी ठेवत नाही, नायकीच ठेवतो. दरबारीचा गांधार आणि जौनपुरीचा गांधार पुस्तकात एकच ‘कोमल’ आहेत, पण गळ्यात ते दोन वेगळे स्वर आहेत असे म्हणावे इतका त्यांच्या लगावात फरक आहे. मल्हार, सारंग, बिलावल, नट, केदार यांचीही अशीच अंगे आहेत. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि साबरमती आश्रमात संगीत शिकवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी या अंगांवरून रागांचे पद्धतशीर वर्गीकरण मांडले, आणि गाणाऱ्याच्या दृष्टीने ते थाटापेक्षा पुष्कळ जवळचे आहे.

मात्र रागांगाने सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. अंगे किती मानायची यावर एकमत नाही. एखाद्या रागात कोणते अंग प्रमुख आहे हे घराण्याप्रमाणे बदलते, तेव्हा एका गुरूच्या वहीत जो राग एका कुळात आहे तो दुसऱ्याच्या वहीत वेगळ्या कुळात सापडतो. शिवाय चारुकेशीसारख्या रागाला हिंदुस्थानी अंगच नाही. तेथे सप्तक हेच त्याचे खरे वर्णन आहे आणि मेळाचे नाव अधिक उपयोगी आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे जोडराग तर दोन्ही पद्धतींना बाजूला सारतात. अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेत गायला जाणारा बसंती केदार घ्या. बसंत पूर्वी थाटाचा, कोमल रे-ध वापरणारा, आणि केदार शुद्ध रे-धचा. दोघांना एकत्र गुंफताना रिषभ आणि धैवत यांची दोन्ही रूपे आलटून पालटून येतात, आणि एका आवर्तनातही गायक बसंतातून केदारात जाऊन परत येतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार ऐकलेल्या माणसाला त्याचा थाट विचारला तर तो हसेल. त्याची अंगे मात्र तो दोन शब्दांत सांगेल.

उपयोगाचा आपला प्रश्न राहिला. परीक्षेत थाट विचारला तर पुस्तकातलेच उत्तर लिहावे: बिलासखानीचा भैरवी, केदाराचा कल्याण, ललताचा मारवा. त्याखाली एक ओळ जोडावी, की अंग तोडीचे आहे, किंवा वादी स्वर थाटाबाहेरचा आहे. समजदार परीक्षक त्याला विरोध करणार नाही, आणि तोंडी परीक्षेत हाच प्रश्न पुढे आला तर आपण तयार असाल. रियाजात थाटाचा उपयोग प्राथमिक वर्षांत खरा आहे. दहा सप्तकांचे पलटे करून गळ्याला प्रत्येक स्वराचे कोमल-शुद्ध रूप सापडते, पेटीवाल्याला कोणत्या पट्ट्या हाताखाली ठेवायच्या हे कळते, आणि सतारिया राग बदलताना रिषभ-धैवताचे पडदे किती सरकवायचे हे ठरवतो. या तिन्ही गोष्टी राग सुरू होण्यापूर्वीच्या आहेत.

राग सुरू झाल्यानंतरच्या कामासाठी वहीत प्रत्येक रागाखाली थाटाच्या ओळीनंतर तीन गोष्टी लिहा. पहिली, षड्जावरून पंचमाकडे किंवा पंचम नसेल तर धैवताकडे जाताना कोणता स्वर गाळायचा. दुसरी, तार षड्जावरून उतरताना विसावा कोठे घ्यायचा आणि कोठे मुळीच घ्यायचा नाही. तिसरी, याच स्वरांत उभा असलेला दुसरा कोणता राग आहे आणि त्याच्यापासून हा राग कोणत्या तुकड्याने वेगळा होतो. बिलासखानीच्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘ग म प घेतला की भैरवी, रे म प घेतला की आसावरी’ असे लिहिलेले असले, की मंचावर बसण्यापूर्वी तेवढीच ओळ पुन्हा वाचली तरी पुरते.